उन्हाळ्यात घरातली औषधं: कुठे ठेवायची, तारीख कशी बघायची

नमस्कार मंडळी. दुपारी पारा चाळिशीला टेकायला लागला की आमच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: "गोळ्या गरम झाल्यात, आता चालतील का?" एकेकाला सांगण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतो.

आधी दिलासा. साध्या गोळ्यांची स्ट्रिप दोन-चार तास गरम खोलीत राहिली म्हणून लगेच फेकायची नसते. वेष्टनावर '३० अंशांखाली ठेवा' किंवा '२५ अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं, ते मुख्यतः रोजच्या साठवणीसाठी. खरं नुकसान होतं ते महिनोन्‌महिने रोज तापण्यानं, दमटपणानं आणि थेट उन्हानं. छापलेली एक्सपायरी खरी धरायची, तर औषध वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे ठेवलेलं असायला हवं. मे महिनाभर पत्र्याखालच्या खोलीतल्या खिडकीत पडून राहिलेल्या गोळ्यांच्या तारखेवर फार विसंबू नका.

पुण्यातली सर्वांत वाईट जागा म्हणजे दुचाकीची डिक्की. दुकानातून औषध घ्यायचं, डिक्कीत टाकायचं, मग भाजी, मग बँक, मग कुणाकडे तरी चहा. वरून ऊन, खालून इंजिन. बंद चारचाकीचंही तेच, आतलं तापमान सहज पन्नाशीच्या पुढे जातं. अशा उन्हात दम्याचा पंप डॅशबोर्डवर ठेवू नका. तो दाबाखालचा डबा असतो, फार तापला तर फुटू शकतो. तेव्हा औषध शेवटी घ्या आणि हातातल्या पिशवीतून थेट घरी न्या.

घरात ओट्याजवळचं शेल्फ, फ्रिजचा माथा, बाथरूममधलं आरशाचं कपाट आणि टीव्हीमागचा कोपरा या जागा टाळा. फ्रिजच्या माथ्यावर औषधांचा डबा ठेवणारी घरं काही कमी नाहीत, पण तिथे मागून सतत गरम हवा येते. बेडरूममधल्या लाकडी किंवा लोखंडी कपाटाचा मधला कप्पा, पश्चिमेच्या भिंतीला न लागलेला, बहुतेक घरांत पुरेसा असतो. मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंची मात्र हवी.

गोळ्या त्यांच्याच स्ट्रिपमध्ये किंवा बाटलीत राहू द्या. सोम-मंगळ लिहिलेल्या डब्या सोयीच्या असतात, त्यात आठवड्यापुरत्याच भरा. बाटलीतल्या थायरॉइडच्या गोळ्या आणि जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळ्या मूळ बाटलीतून काढूच नका, झाकणही घट्ट लावा. या गोळ्यांना उष्णता, उजेड किंवा दमट हवा सोसत नाही.

"मग सगळंच फ्रिजमध्ये ठेवतो" असंही काहीजण म्हणतात. तसं नको. फ्रिजमधून आत-बाहेर केलेल्या गोळ्यांना दव धरतं. वेष्टनावर '२ ते ८ अंश' असेल तेवढंच फ्रिजमध्ये: न उघडलेलं इन्सुलिन, काही डोळ्यांचे थेंब, पाणी घालून तयार केलेली काही अँटिबायोटिक सिरप. तेही मधल्या फळीवर, डब्यात. दारात नको, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. फ्रीझरमध्ये तर मुळीच नको.

इन्सुलिनबद्दल थोडं सविस्तर, कारण उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. इन्सुलिन एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं, पुन्हा वितळवून वापरायचं नाही. वापरात असलेलं पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे घरच्या तापमानाला चालते, पण पत्रकात २५ किंवा ३० अंशांची मर्यादा दिलेली असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरच त्यापुढे जातं. अशा वेळी मडक्याची युक्ती कामाची आहे. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मातीचं भांडं, भांड्यात कोरड्या प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन आणि वर ओलं फडकं. मडकं सावलीत, वारा लागेल असं ठेवा आणि वाळू दोन्ही वेळा ओली करा. पुण्याची कोरडी हवा याला मदत करते. पावसाळ्यात हीच युक्ती फारशी चालत नाही. प्रवासात बर्फाची पिशवी नॅपकिनमध्ये गुंडाळून मगच इन्सुलिनजवळ ठेवा, थेट चिकटवू नका. एरवी पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा दुधाळ प्रकारच्या इन्सुलिनमध्ये हलवल्यावरही गुठळ्या राहिल्या, तर ते टोचू नका.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर फ्रिजचं दार उघडून 'गार आहे ना' हे तपासत बसू नका. दार बंद राहिलं तर चारेक तास गारवा टिकतो.

आता तारखेचं. स्ट्रिपवर दोन तारखा असतात, एक तयार केल्याची आणि एक एक्सपायरीची, आणि घाईत नजर नेमकी पहिलीवर जाते. एक्सपायरीपुढे ०५/२०२७ असेल तर ते औषध मे २०२७ च्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, १ तारखेपर्यंत नव्हे. ही तारीख बऱ्याचदा स्ट्रिपच्या एकाच टोकाला असते, म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढत या. आम्ही चार गोळ्या कापून दिल्या आणि तारखेचा तुकडा आमच्याकडे राहिला, तर बिल जपा. बॅच नंबर आणि एक्सपायरी त्यावर असते. बिल नको म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आम्ही तरीही ते पिशवीत टाकतोच.

उघडल्यावर छापील तारखेला फारसा अर्थ राहत नाही. डोळ्यांचे थेंब बहुतेक वेळा उघडल्यापासून महिनाभरच. पाणी घालून केलेलं अँटिबायोटिक सिरप बहुधा सात दिवस, नेमकं लेबलवर बघा. ओआरएस कालवल्यापासून २४ तास, मग उरलेलं ओतून टाका. बाटलीवर पेनानं उघडल्याची तारीख लिहा.

तारखेत असूनही काही औषधं बघताक्षणी कळतात: एकमेकांना चिकटलेल्या कॅप्सूल, डाग पडलेली किंवा भुगा होणारी गोळी, व्हिनेगरसारखा वास येणारी ॲस्पिरिन, दगड झालेलं ओआरएसचं पाकीट. अशी वापरू नका. चुकून तारीख उलटलेली एखादी पॅरासिटामॉल घेतली गेली, तर घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. पण हृदय, फिट्स, थायरॉइड, इन्सुलिन आणि अँटिबायोटिक यांत 'अजून चालेल' असं करू नका, त्यांचा जोर कमी पडणं महागात जातं. रोजचं औषध खराब झालंय असं वाटलं तर डोस परस्पर बंदही करू नका. आम्हाला किंवा डॉक्टरांना फोन करा, नवीन स्ट्रिप त्याच दिवशी मिळते.

जुनी औषधं बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका आणि भरलेल्या स्ट्रिप तशाच कचऱ्यात टाकू नका, कुणीतरी उचलून वापरतं. काउंटरच्या डाव्या हाताला एक बंद पेटी ठेवली आहे, त्यात आणून टाका. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून, बाहेर ठळक लिहून वेगळ्या द्या. कचरा वेचणाऱ्या ताई हातानं वर्गीकरण करतात.

घरातला डबा घेऊन आलात तर आम्ही समोर बसून तारखा बघून देतो, पैसे नाहीत. सकाळी ९ ते १.३० आणि संध्याकाळी ५ ते ९.३०. दुपारी दुकान बंद असतं, आणि त्या उन्हात औषधं घेऊन निघूही नका.