वैशालीताई, मनःपूर्वक अभिनंदन!

नाशिक, ५ जुलै २०२६

प्रिय वैशालीताई,
सप्रेम नमस्कार.

काल निकाल जाहीर झाला तेव्हा तुमच्याभोवती इतकी गर्दी होती की मला लांबूनच हात हलवून निघावं लागलं. फोन करणार होतो. पण फोनवर ‘अभिनंदन’ म्हणून होतं न होतं तोच आपण दोघं कुणाच्या तरी नोटिशीवर बोलायला लागतो, हा अनुभव आहे. म्हणून पत्र. आपल्या करसल्लागार संघटनेच्या कार्यकारिणीवर निवड झाल्याबद्दल तुमचं अगदी मनापासून अभिनंदन!

आपल्या संघटनेत एरवी निवडणूक कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. सभेच्या आठवडाभर आधी चार ज्येष्ठ कुठेतरी चहाला बसतात, नावं ठरतात, सूचक-अनुमोदक मिळतात, सभेत ‘बिनविरोध’ म्हटलं की टाळ्या पडतात आणि मंडळी जेवणाकडे वळतात. यंदा मतपत्रिका छापाव्या लागल्या. त्यावर नाराज झालेले काही जण आहेत. मी त्यांच्यातला नाही. तुम्ही कुठल्याही पॅनेलमध्ये नव्हता, जेवणावळ घातली नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःचा फोटो फिरवला नाही. तरीही मालेगाव, सटाणा, येवला, कळवणचे लोक रिटर्नच्या ऐन हंगामात, कुंभमेळ्यासाठी खोदून ठेवलेल्या रस्त्यांतून वाट काढत मतदानाला आले. का आले, हे मला नीट ठाऊक आहे.

जीएसटीच्या पहिल्या दोन वर्षांच्या नोटिसा निघू लागल्या तेव्हाची गोष्ट. दुकानदाराने स्वतःच्या ३बी रिटर्नमध्ये घेतलेलं कराचं क्रेडिट आणि पुरवठादारांच्या रिटर्नवरून तयार होणाऱ्या २ए मध्ये दिसणारं क्रेडिट जुळत नाही, फरक भरा, वर व्याज भरा. छोटा हार्डवेअरवाला, भुसार दुकानदार हवालदिल. माल आला होता, पैसे दिले होते, बिलं होती. पुरवठादाराने त्याच्या रिटर्नमध्ये ती दाखवली नव्हती, एवढंच. मग २७ डिसेंबर २०२२ चं १८३ क्रमांकाचं परिपत्रक आलं. एका पुरवठादाराकडचा वर्षाचा फरक पाच लाखांच्या वर असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र हवं. पाच लाखांपर्यंत असेल तर पुरवठादाराने स्वतः लिहून दिलेलं चालेल. आपल्यापैकी बहुतेकांनी ते वाचलं आणि आपापल्या अशिलांपुरतं वापरलं. तुम्ही त्याचा मराठीत नमुना तयार केला, रकाने आखून दिले आणि तालुक्यातल्या ज्याने मागितला त्याला पाठवला. त्यासाठी ना फी घेतली, ना कागदावर स्वतःचं नाव टाकलं. पुरवठादाराच्या मुनिमाला इंग्रजी मसुदा दाखवला की तो ‘शेठला विचारतो’ म्हणून कागद बाजूला ठेवायचा. मराठीतला वाचून त्याच दिवशी सही-शिक्का मिळायचा. कालची मतं तिथून आलेली आहेत, माझी खात्री आहे.

बेदाण्याचंही तसंच. पिंपळगावच्या त्या बागायतदाराला कुणीतरी घाबरवून सोडलं होतं की द्राक्षावर कर नसला तरी बेदाणा केला की नोंदणी घ्यावीच लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत स्पष्ट झालं की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. त्यानंतर त्यांच्या भागातल्या सगळ्या बागायतदारांना एकत्र बसवून तुम्ही ते समजावलंत. आणि ‘हे शेतकऱ्यापुरतं आहे, व्यापाऱ्याला लागू नाही’ हेही तितक्याच ठणकावून सांगितलंत. दुसरं वाक्य सांगायला आपल्या धंद्यात जास्त धीर लागतो. समोरच्याचा पडलेला चेहरा पाहवत नाही आणि सल्लागार गुळमुळीत बोलून मोकळा होतो.

आता थोडं हक्काने सांगतो, वयाने मोठा आहे म्हणून.

कार्यकारिणीत गेल्यावर पहिल्याच बैठकीत तुम्हाला सूत्रसंचालन आणि पाहुण्यांचं स्वागत ही कामं दिली जातील. बाई निवडून आली की हेच होतं, मी वर्षानुवर्षं पाहतोय. तुमचा आवाज चांगला आहे हे खरं, पण तेवढ्यासाठी कुणी मत दिलेलं नाही. सरळ सांगा की मला अभ्यास मंडळ हवंय.

कारण काम तिथे आहे आणि ते आत्ताच आहे. १ एप्रिलपासून २०२५ चा आयकर कायदा लागू झाला. ८१९ कलमांची ५३६ झाली म्हणून भाषणं भरपूर झाली. पण आपल्या लोकांच्या जिभेवर बसलेलं ८०सी आता १२३ झालंय, पगाराचं सोडलं तर टीडीएसची पाठ केलेली बाकी कलमं ३९३ मध्ये जाऊन बसलीत. त्यात यंदाची गंमत अशी की मार्चअखेर संपलेल्या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या कायद्याने भरायचं आणि याच महिन्यातला टीडीएस नव्या कायद्याने कापायचा. एकाच टेबलावर दोन कायदे उघडे. शहरात विचारायला कुणीतरी मिळतं. कळवणला एकटा बसलेला, एका संगणकावर आणि एका मुलाच्या मदतीवर ऑफिस चालवणारा माणूस कुणाला विचारणार? आपली व्याख्यानं नाशकात, संध्याकाळी साडेसहाला; तो परत जाणार कधी? तेव्हा महिन्यातून एक बैठक तालुक्याच्या गावी, भरदुपारी आणि मराठीत व्हावी, एवढा एकच ठराव पहिल्या वर्षात करून घ्या. वीस तारखेच्या आसपास ठेवू नका, कुणी येणार नाही. वक्त्यांना शाल-श्रीफळ नको, त्या पैशात गाडीभाडं निघेल. पहिल्या बैठकीला निफाडला मी येतो, हवं तर टीडीएसचे तक्ते मी करून आणतो.

बाकी रुसवेफुगवे होतील. जे हरले त्यांना आधी फोन करा. त्यांच्यातले दोघे तरी कामाचे आहेत आणि हिशेबाला पक्के आहेत.

घरच्यांनाही माझा नमस्कार सांगा. तुमच्या सासूबाई काल पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसून होत्या, आणि प्रत्येक नावाला किती मतं पडली ते पिशवीतल्या वहीत लिहून घेत होत्या. मोजणीला त्यांनाच बसवायला हवं होतं! ऑफिसातल्या मुलींचंही अभिनंदन. पुढची दोन-तीन वर्षं तुमचा निम्मा भार त्यांच्यावर पडणार आहे, तेव्हा त्यांचा पगार वाढवायचं मनावर घ्या.

येत्या रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला या, सहकुटुंब. सौभाग्यवती म्हणते आहे की पेढे आम्हीच द्यायचे, तुम्ही आणायचे नाहीत.

तुमचा,
श्रीकांत
कॅनडा कॉर्नर, नाशिक

ता. क. : नव्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत दाखल व्हायला हवा. आपण जगाचे दाखल करत हिंडतो आणि आपल्याच परिशिष्ट एकवर अजून मागच्याच्या मागच्या मंडळींची नावं आहेत. सभेची नोटीस, हजेरीपट आणि ठरावाची प्रत सचिवांकडून याच आठवड्यात मागून घ्या, आणि निवडून आलेल्या सगळ्यांची संमतीपत्रं पहिल्या बैठकीतच सही करून घ्या. नंतर एकेकाला गाठणं म्हणजे शिक्षाच.