हापूसची पेटी: गिऱ्हाईक खरंच विचारतात ते दहा प्रश्न

आमची जुनी प्रश्नोत्तरं पाच पानांची होती. पेटी उघडून आंबे हिरवे दिसले की ती कोणी वाचत बसत नाही, सरळ बागेत फोन लावतात. म्हणून फोनवर वारंवार येणारे प्रश्न तेवढे ठेवले आहेत. पहिले तीन पेटी उघडायच्या आधी वाचाच.

१. आंबे हिरवे आणि कडक का आले?
तयार झालेला पण न पिकलेला आंबाच प्रवासात टिकतो, म्हणून तसाच पाठवतो.

२. मग घरी पिकवायचे कसे?
पेटीतल्याच पेंढ्यात एका थरात, देठ खाली करून, हवेशीर जागी ठेवा आणि रोज एकदा बघून पिकलेला आंबा बाजूला काढा.

३. फ्रिजमध्ये ठेवू का?
कच्चा असताना अजिबात नाही, गारव्याने तो नीट पिकत नाही. पिकल्यावर दोन-तीन दिवस चालेल.

४. पिकलाय हे कसं ओळखायचं?
रंगावर जाऊ नका, देठाजवळ वास घ्या आणि हलक्या हाताने दाबून बघा. साल किंचित सुरकुतली तर तो खायला उत्तम.

५. कार्बाइड वापरता का?
नाही, त्यावर कायद्याने बंदी आहे आणि आमचा आंबा पेंढ्यातच पिकतो.

६. हा खरा कोकणातला हापूस कशावरून?
‘हापूस’ या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच आहे. आमची बाग रत्नागिरीजवळ पावसला आहे, केव्हाही येऊन बघा.

७. कापल्यावर आत पांढरट, आंबट भाग निघाला, हे काय?
हा साका, तो बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे यात तुमची काही चूक नाही.

८. साका किंवा खराब आंबा निघाला तर पैसे परत?
हो, कापलेल्या आंब्याचा फोटो पेटी मिळाल्यापासून दहा दिवसांत पाठवा, तेवढ्या आंब्यांचे पैसे परत करतो, हुज्जत घालत नाही.

९. पेटी कधी मिळेल?
मार्चअखेर ते मे, तोडणी होईल तशी. मुंबई-पुण्याला पाठवल्यापासून दोन दिवसांत, पण नेमकी तारीख आधी सांगत नाही, कारण ऊन-पावसावर सगळं अवलंबून असतं.

१०. अमेरिकेत मुलाकडे पाठवाल का?
नाही, तिकडे जाणाऱ्या आंब्यावर मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण करावं लागतं, तेव्हा निर्यातदाराकडूनच घ्या.

सालीवरचे काळपट ओघळ बहुतेक वेळा तोडताना सांडलेल्या चिकाचे असतात. आंबा धुऊन घ्या आणि खुशाल खा.