दर्या

प्रबंध दुपारी विद्यापीठाच्या खिडकीवरून परत आला. मजकूर युनिकोडमध्ये हवा, डावा समास दीड इंच, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे. उद्या पाचला मुदत संपणार. बाइंडरवाला म्हणाला होता, "आठला प्रिंट आणा, चारला देतो."

समास आणि आकडे बारापर्यंत मार्गी लागले. मग वैशालीला खरी गोची दिसली. जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलताना प्रत्येक 'ऱ्य'चा 'र्य' झाला होता. शेतकऱ्याचा शेतकर्या, वाऱ्यावरचा वार्यावर. शोधल्यावर सहाशे चौदा जागा सापडल्या. एकदम बदलावं तर सूर्य, कार्य, आचार्य सगळेच बिघडणार. म्हणजे एकेक शब्द वाचून बदलायचा.

तिनं चहा केला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

सव्वातीनला ती परिशिष्टात पोचली. वेल्ह्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, तिनंच दोन उन्हाळे बसून ध्वनिमुद्रित केलेल्या.

'बंधू गेला चाकरीला, दर्या त्याच्या वाटंला.'

सवयीनं तिनं 'दऱ्या' केलं. पुढं सरकली आणि थांबली. दऱ्याच ना? डोंगरातली बाई, समुद्र कधी पाहिला नाही. चौथ्या प्रकरणात तर तिनं लिहिलंच होतं: 'या ओव्यांचं जग घाटाशी संपतं, त्यात समुद्र येत नाही.' मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याखाली कौतुकाची रेघ ओढली होती.

तिनं हेडफोन लावला. जात्याची घरघर, मग आजीचा आवाज. पुन्हा ऐकलं. पहिल्या अक्षरावर स्पष्ट आघात होता. ओवी संपल्यावर आजी दम घेत बोललीही होती, "गोदीत व्हता माजा भाऊ. ममईला." हे वाक्य वैशालीनं तेव्हा उतरवून घेतलं नव्हतं, ओवी नव्हती ना ती.

शलाका कुशीवर वळली. "झोपली नाहीस?"

"हे ऐक. काय म्हणतेय?"

शलाकानं डोळे मिटूनच ऐकलं. "दर्या. का गं?"

चार वाजता तिनं चौथं प्रकरण उघडलं. ते वाक्य काढलं. त्या जागी गोदीतल्या भावाबद्दल एक परिच्छेद लिहिला, आजीच्या शब्दांत. मग बाईंना संदेश: 'बाई, माफ करा, पान १३२ वरचं विधान चुकलं होतं. बदललंय. चालेल का?'

बाई पहाटे फिरायला जातात. पाच चाळीसला उत्तर आलं. 'ध्वनिमुद्रण पाठव.' दहा मिनिटांनी दुसरं: 'बदल योग्य. नवं पान छापून सातला घरी ये, सही करते.'

वैशालीनं अनुक्रमणिका ताजी केली. एक पान वाढलं होतं. मग परिशिष्टात जाऊन तिनं तो एक 'ऱ्य' पुन्हा 'र्य' केला.