उत्तर: नौपाड्यातील इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, पाहणीची वेळ

नमस्कार जोशीकाका,

गच्चीची चावी वॉचमनकडे ठेवलीत, फार बरं झालं. माझी सहकारी स्नेहल हिला या मेलमध्ये सीसीत घेतलंय. पाहणीची तारीख, चौथ्या मजल्यावर गळती असलेल्या तिन्ही घरांच्या वेळा आणि टाकी रिकामी करायचा दिवस यापुढे तीच तुमच्याशी बोलून ठरवेल. सानेआजींची दुपारची झोप मोडायची नाही, हे तिला आवर्जून सांगितलंय.

स्नेहल, काकांना शनिवारी सकाळी जमतं. घोडबंदरहून येणाऱ्या टीमला साडेनऊच्या आत पोहोचायला सांग, नंतर ट्रॅफिकमध्ये अडकतील. आज संध्याकाळपर्यंत काकांना दोन तारखा कळव.

पाहणीला मी स्वतः येणार आहेच, काका.

आपला,
निखिल