प्रोसेस आणि थ्रेड: फरक काय, आणि थ्रेड्समध्ये सामाईक काय असतं?

प्रोसेस म्हणजे चालू प्रोग्राम. मग थ्रेड म्हणजे काय?

प्रोसेसला एक भांडं समजा: स्वतःची अॅड्रेस स्पेस, उघडलेल्या फाइल्स, परवानग्या, पीआयडी. भांडं स्वतः काही चालवत नाही. सूचना चालवतो तो थ्रेड. प्रत्येक प्रोसेसमध्ये किमान एक थ्रेड असतोच, आणि लिनक्समध्ये शेड्युलर सीपीयूवर बसवतो तो थ्रेडच. ‘थ्रेड म्हणजे हलकी प्रोसेस’ हे उत्तर पाठ करण्यापेक्षा एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

थ्रेड्समध्ये सामाईक काय, स्वतंत्र काय?

सामाईक: प्रोग्रामचा कोड, ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल्स, हीप, उघडलेले फाइल डिस्क्रिप्टर, चालू डिरेक्टरी, सिग्नल हँडलर. एका थ्रेडने `chdir()` केलं की सगळ्यांची डिरेक्टरी बदलते. एकाने `close(5)` केलं की दुसऱ्याच्या हातातलाही ५ नंबर निकामी होतो. त्याहून वाईट म्हणजे तोच नंबर लगेच नव्या फाइलला मिळू शकतो, आणि दुसरा थ्रेड भलत्याच फाइलमध्ये लिहू लागतो.

स्वतंत्र: स्टॅक, प्रोग्राम काउंटरसह सगळे रजिस्टर, थ्रेड आयडी, सिग्नल मास्क, `errno` आणि थ्रेड-लोकल व्हेरिएबल्स.

स्टॅक स्वतंत्र आहे, म्हणजे दुसऱ्या थ्रेडला तो दिसत नाही ना?

दिसतो. स्टॅक वेगळा असला तरी अॅड्रेस स्पेस एकच आहे, मध्ये कुंपण नाही. म्हणून ही चूक वारंवार होते:

```c
for (int i = 0; i < 4; i++)
    pthread_create(&t[i], NULL, work, &i);
```

चारही थ्रेड्सना एकाच `i` चा पत्ता मिळतो. थ्रेड तो वाचेपर्यंत `i` पुढे सरकलेला असतो, त्यामुळे दोन थ्रेड्सना ३ मिळेल, एखाद्याला ४. लूप संपल्यावर तर `i` उरतच नाही. प्रत्येक थ्रेडसाठी अॅरेमध्ये वेगळी जागा ठेवा आणि तिचा पत्ता द्या.

दोन थ्रेड्सनी `total++` दहा-दहा लाख वेळा केलं, तरी बेरीज वीस लाखांपेक्षा कमी का येते?

कारण `total++` दिसतं एक, पण त्यात कामं तीन: वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं. `total` ४१ असताना दोघांनी वाचलं, तर दोघंही ४२ लिहितात आणि एक वाढ हरवते. `-O2` ने कंपाइल केल्यावर उत्तर कधी कधी अचूक येतं, कारण कंपायलर अख्ख्या लूपची एकच बेरीज करून टाकू शकतो. म्हणून चूक गेली असं समजू नका. सी भाषेच्या नियमांनुसार ती डेटा रेसच आहे आणि तिच्या वर्तनाची कसलीच हमी नाही. म्युटेक्स लावा किंवा `atomic_long` वापरा. `volatile` इथे कामाचं नाही. शोधायला `-fsanitize=thread` उत्तम, फक्त प्रोग्राम बराच हळू चालतो.

`fork()` केल्यावर चाइल्ड प्रोसेसमधला बदल पॅरेंटला का दिसत नाही?

दोघांकडे `x` चा पत्ता आकड्याने तोच असतो, पण त्यामागची प्रत्यक्ष मेमरी वेगळी. सुरुवातीला मेमरीची पानं एकच असतात. कोणी लिहिलं की कर्नल त्या पानाची प्रत काढतं. डिस्क्रिप्टरच्या तक्त्याचीही प्रत निघते, मात्र आधीच उघडलेल्या फाइलमधलं वाचन-लेखनाचं स्थान दोघांत सामाईक राहतं. भले भले इथे फसतात.

बरेच थ्रेड्स असलेल्या प्रोसेसमध्ये `fork()` केलं, तर चाइल्डमध्ये फक्त `fork()` करणारा थ्रेड येतो. त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने कुलूप धरलेलं असेल, तर चाइल्डमध्ये ते बंदच राहतं, उघडणारा कोणी नाही. त्यामुळे अशा चाइल्डमध्ये लगेच `exec()` करावं.

एक थ्रेड कोसळला तर?

सेगमेंटेशन फॉल्टने अख्खी प्रोसेस जाते. `exit()` कोणत्याही थ्रेडमधून केलं तरी तेच. फक्त एकच थ्रेड थांबवायचा असेल तर `pthread_exit()`. ब्राउझर टॅब्सना वेगवेगळ्या प्रोसेस देतात, त्याचं एक कारण हेच.

मग कधी काय निवडायचं?

एकाच मोठ्या डेटावर सगळ्यांना काम करायचं असेल तर थ्रेड. एकाच्या चुकीची झळ दुसऱ्याला लागू द्यायची नसेल तर प्रोसेस. निरोपासाठी पाइप, सॉकेट किंवा शेअर्ड मेमरी. नेहमीच्या सीपायथनमध्ये जीआयएल या इंटरप्रिटरच्या कुलुपामुळे एका वेळी एकच थ्रेड बाइटकोड चालवतो, म्हणून शुद्ध पायथनमधल्या जड आकडेमोडीला तिथे `multiprocessing` घ्या.

थ्रेड फुकट नसतात. ६४-बिट लिनक्सवर प्रत्येकाच्या स्टॅकसाठी सहसा ८ एमबी आभासी जागा राखली जाते. हजार थ्रेड म्हणजे सुमारे ८ जीबी, पण रॅम लागते ती प्रत्यक्ष वापरलेल्या पानांपुरतीच.

हे डोळ्यांनी बघता येईल का?

```
ps -eLf
ls /proc/self/task
```

पहिल्या आज्ञेत एकाच पीआयडीपुढे वेगवेगळे एलडब्ल्यूपी आकडे दिसले, की ते त्या प्रोसेसचे थ्रेड्स. दुसरीत एकच आकडा येईल, कारण `ls` एकाच थ्रेडचा आहे; `self` च्या जागी पहिल्या यादीतला असा एखादा पीआयडी घालून बघा.