शेवटचं कडवं

बाबांनी पेनड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवर आलं, You need to format the disk in drive E: before you can use it. खाली दोन बटणं. बाबांचं बोट पहिल्याच बटणाकडे निघालेलं, मी एवढ्या जोरात "नको!" ओरडलो की ते दचकून खुर्चीतून अर्धे उठलेच.

"अरे पण तोच सांगतोय ना, करायला लागेल म्हणून."

बरोबर आहे त्यांचं, एकतीस वर्षं मराठी शिकवलं, वाक्यात 'need' असेल तर माणूस ऐकणारच. मी गपचूप Cancel दाबलं.

त्या पेनड्राइव्हमध्ये ६१२ पानं होती. बाबांच्या हाताची. कविता, धड्यांच्या टाचणाच्या वह्या, समासात मुलांनी विचारलेले प्रश्न, मधेच कुठेतरी "आज वर्ग शांत होता, काळजी वाटते". सगळं मी दोन वर्षांपूर्वी सुट्टीत बसून स्कॅन केलं होतं, आणि त्यानंतर वह्यांना वाळवी लागली, तेव्हा घरातले सगळे म्हणालो की बरं झालं स्कॅन केलं ते. दुसरी कॉपी कोणीच काढली नव्हती. मी तर कॉम्प्युटरचा माणूस म्हणवतो स्वतःला.

आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. आदल्या रात्री एक पान प्रिंट करून, घाईत, 'इजेक्ट' वगैरे न करता मी तो सरळ उपसून काढला होता.

मित्राला फोन केला. तो म्हणाला आधी हात लावू नकोस, दुरुस्ती-बिरुस्ती काही नको, chkdsk /f तर अजिबातच नको, ते पेनड्राइव्हवरच लिहितं आणि उरलंसुरलं पण जाऊ शकतं, आधी ddrescue ने पूर्ण ड्राइव्हची जशीच्या तशी इमेज काढ आणि जे काय करायचं ते त्या इमेजवर कर. मग समजावलं की बहुतेक डेटा जागेवरच असेल, फक्त कोणती फाइल कुठे आहे त्याची यादी बिघडली असेल. मी हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पुस्तक आहे, अनुक्रमणिका फाटली." मी पाच मिनिटं बडबडत होतो, त्यांनी पाच शब्दांत उरकलं.

इमेज निघायला रात्र गेली. बाबा दर तासाला येऊन दारात उभे राहायचे, विचारायचे काही नाही, नुसतं उभं राहायचं, निकालाच्या आदल्या दिवशी मुलं स्टाफरूमबाहेर घुटमळतात तसं. मला तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं.

सकाळी photorec चालवलं आणि फोटो धडाधड पडायला लागले. पण नावं गेलेली. मी 'कविता_पावसाळा', 'टाचण_सातवी_समास' अशी नावं दिली होती, त्या जागी f0284160.jpg, f0291872.jpg, अशी ५९७ अनोळखी पोरं रांगेत उभी.

"द्या इकडे," बाबा म्हणाले.

मग पुढचे चार दिवस मी नुसता टायपिस्ट. ते पान बघायचे आणि अक्षरावरून वर्ष सांगायचे. 'ळ'ची शेपूट लांब, म्हणजे नोकरीची पहिली पाच वर्षं, "तेव्हा जरा मिजास होती." निळी शाई संपून काळी सुरू झाली ते आईच्या आजारपणाचं साल. शिरोरेषा डळमळीत, म्हणजे ऑपरेशननंतरची. तारीख एकाही पानावर नव्हती, आणि ते एकदाही अडले नाहीत. एका पानावर मात्र फार वेळ थांबले, मी विचारलं काय झालं, तर म्हणाले हा धडा मी चुकीचा शिकवलाय रे, आणि पुढचं पान मागितलं.

तिसऱ्या दिवशी मी बोललो. "बाबा, त्या रात्री मी तो तसाच ओढून काढला होता."

"माहितेय," ते स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले. "तू नेहमीच तसाच काढतोस. पुढचं."

पंधरा पानं मिळालीच नाहीत. एक अर्धं मिळालं, वरती दोन कडवी स्वच्छ आणि त्याखाली नुसता राखाडी पट्टा. कविता मला लहानपणापासून माहीत होती, म्हणजे आहे हे माहीत होतं, पाठ नव्हती. मी कागद-पेन पुढे केलं.

"शेवटचं कडवं आठवतंय ना? लिहून द्या, जोडतो."

बाबांनी पेन घेतलं, टोपण काढलं. बराच वेळ त्या राखाडी पट्ट्याकडे बघत बसले. ओठ हलत होते, म्हणजे आठवत होतं नक्की. मग टोपण परत लावलं.

"तेव्हाच खोडायला हवं होतं ते. वर्गात वाचायची होती ना कविता, म्हणून उगाच गोड शेवट केला."

"मग नाव काय देऊ फाइलला?"

"पूर्ण," ते म्हणाले. "आणि दोन ठिकाणी ठेव. आणि नीट काढ."