के-मॅप: एक सोडवलेलं उदाहरण

खालची राशी कमीत कमी गेट वापरून बसवायची आहे.

```
F = A'B'C' + A'BC' + A'BC + AB'C' + ABC'
```

आहे तशी बसवायला तीन इनपुटचे पाच अँड गेट, पाच इनपुटचा एक ऑर आणि तीन नॉट लागतात. आधी ट्रुथ टेबल मांडू. प्रत्येक पद एकाच ओळीत 1 देतं: A'BC म्हणजे 011, म्हणजे ओळ क्र. 3.

```
क्र.  A B C | F
0    0 0 0 | 1
1    0 0 1 | 0
2    0 1 0 | 1
3    0 1 1 | 1
4    1 0 0 | 1
5    1 0 1 | 0
6    1 1 0 | 1
7    1 1 1 | 0
```

आता हेच 1 आणि 0 मॅपमध्ये भरा. वरचे रकाने 00, 01, 11, 10 याच क्रमाने हवेत. शेजारच्या दोन घरांत एकच चल बदलायला हवं, सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. 00, 01, 10, 11 असं लिहिलंत, तर गट दिसतील पण उत्तर चुकेल.

```
A\BC  00  01  11  10
0      1   0   1   1
1      1   0   0   1
```

गटात 1, 2, 4 किंवा 8 घरं चालतात. तीनचा गट नसतो. नेहमी सर्वांत मोठा गट आधी शोधा. इथे तो पटकन दिसत नाही, कारण डावीकडचा 00 आणि उजवीकडचा 10 हे रकाने एकमेकांचे शेजारी आहेत. मॅपचा कागद गुंडाळून नळी केली की कडा जुळतात. त्या दोन रकान्यांतले चारही 1 मिळून एक गट होतो. त्यात A बदलतो, B बदलतो, C मात्र 0 च राहतो. पद मिळालं: C'.

उरला घर क्र. 3 मधला 1. तो एकटा घेतला तर A'BC असं लांब पद येतं. पण शेजारचं घर 2 आधीच्या गटात असलं तरी पुन्हा वापरता येतं. एकच 1 दोन गटांत घेतल्याने काही बिघडत नाही, कारण 1 + 1 = 1. घरं 3 आणि 2 मिळून A'B. परीक्षेत बहुतेकांचा गुण इथेच जातो.

```
F = C' + A'B
```

पडताळा शून्यांवरून घ्या. घरं 1 आणि 5 चा गट B'C, 5 आणि 7 चा AC.

```
F' = B'C + AC
F  = (B + C')(A' + C') = C' + A'B
```

आता दोन नॉट, एक अँड आणि एक ऑर पुरतो. त्याहून सोयीचं म्हणजे सगळं नँडवर नेणं:

```
F = ( C · (A'B)' )'
```

A' साठी एक नँड (दोन्ही इनपुट A ला जोडून), (A'B)' साठी दुसरा, आउटपुटला तिसरा. 7400 या एकाच आयसीत चार नँड असतात, त्यामुळे एक शिल्लक राहतो. त्याचे इनपुट मोकळे सोडू नका, ग्राउंडला जोडा.